पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र आणि दहा दिवसांचा हिशेब

उष्ण कटिबंधातील एखाद्या देशात नेमणूक झालेल्या कर्मचाऱ्याला जी कागदपत्रे जमवावी लागतात, त्यांपैकी बहुतेक कागदपत्रे हाती पडल्या क्षणापासून उपयोगी पडतात. पारपत्र मिळाले की ते चालू होते. प्रवेशपरवान्यावर शिक्का बसला की तो लागू होतो. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र मात्र या नियमाला अपवाद आहे. लस टोचल्यावर ते लगेच लिहून मिळते. परंतु लस टोचल्यापासून दहा दिवस लोटल्यावाचून आंतरराष्ट्रीय नियमांच्या दृष्टीने त्याला काहीही किंमत नसते. खिशात प्रमाणपत्र असूनही विमानतळावर अडकून पडलेल्या प्रवाशांच्या अडचणीचा उगम बहुधा या दहा दिवसांच्या विस्मरणात असतो. हे दहा दिवस कोठून आले, त्यांचा हिशेब कसा करावयाचा आणि कायद्याला मान्य असलेली मुदत व शरीरात प्रत्यक्ष निर्माण होणारे संरक्षण या दोहोंत अंतर कोठे पडते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

रोग आणि लस

पीतज्वर हा विषाणुजन्य रोग असून तो डासाच्या दंशाने पसरतो. आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतील चाळीसहून अधिक देशांत त्याचे वास्तव्य आहे. अरण्यात तो वानरांमध्ये टिकून राहतो. शहरात त्याचा प्रसार ईडिस इजिप्ती या डासाकडून होतो. हा डास दिवसा चावतो आणि घरातील पिंपे, टाक्या, फुलदाण्या यांतील साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. रोग जडलेल्यांपैकी पुष्कळजण थोड्या दिवसांच्या तापानंतर बरे होतात. परंतु ज्यांच्यात रोग दुसऱ्या, विषारी अवस्थेला पोहोचतो आणि कावीळ व रक्तस्राव सुरू होतो, त्यांपैकी जवळजवळ निम्मे रोगी दगावतात. या रोगावर विषाणूचा नाश करणारे खात्रीचे औषध नाही. म्हणून सारा भर लशीवर आणि डासांच्या बंदोबस्तावर असतो.

लशीचा इतिहास प्रस्तुत विषयाशी एका विशेष कारणाने निगडित आहे. १९२७ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या संशोधकांनी त्या काळच्या गोल्ड कोस्टमधील, म्हणजे आजच्या घाना देशातील, असिबी नावाच्या रोग्याच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला. त्या संशोधनाची किंमत जबर होती. एड्रियन स्टोक्स हे १९२७ साली लागोस येथे, आणि हिदेयो नोगुची व विल्यम यंग हे १९२८ साली अक्रा येथे याच रोगाने मरण पावले. असिबीच्या नावाने ओळखला जाणारा हा विषाणू प्रयोगशाळेत उतीसंवर्धनात पुनःपुन्हा वाढवीत नेला असता त्याची मारक शक्ती नाहीशी झाली; मात्र संरक्षण निर्माण करण्याची शक्ती टिकून राहिली. मॅक्स थायलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेला हाच तो १७-डी वाण. या कार्याबद्दल थायलर यांना १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पीतज्वराच्या लशी याच वाणाच्या वंशातील आहेत.

यावरून पुढील विवेचनाला आवश्यक अशी एक गोष्ट ध्यानात येईल. ही लस मृत विषाणूची नाही. ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. टोचल्यानंतर हा विषाणू शरीरात काही दिवस अल्प प्रमाणात वाढतो आणि त्याला उत्तर म्हणून शरीर प्रतिपिंडे तयार करते. संरक्षण निर्माण होते ते या प्रतिपिंडांमुळे, आणि ती तयार होण्यास अवधी लागतो. प्रमाणपत्रातील दहा दिवस म्हणजे हाच अवधी होय.

दहा दिवस व सहा दिवस

जागतिक आरोग्य संघटनेचे २००५ सालचे आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम २००७ सालापासून अमलात आहेत. त्यांच्या सातव्या परिशिष्टात पीतज्वराविषयीचे नियम दिलेले असून सहाव्या परिशिष्टात प्रमाणपत्राचा नमुना आहे. सातव्या परिशिष्टात दोन आकडे येतात आणि या विषयातील सर्व हिशेब त्या दोन आकड्यांवर उभा आहे.

पहिला आकडा दहा दिवसांचा. लस घेतलेल्यांपैकी बहुसंख्य व्यक्तींच्या, म्हणजे शेकडा ८० किंवा त्याहून अधिक जणांच्या, रक्तात दहा दिवसांच्या आत पुरेशी प्रतिपिंडे निर्माण होतात. म्हणून प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते, असे विनियम सांगतात. दिवस मोजण्याची रीत सरळ आहे: टोचल्याच्या तारखेत दहा मिळवावेत. १५ जून रोजी लस घेतली असेल, तर प्रमाणपत्र २५ जूनपासून वैध ठरते.

दुसरा आकडा सहा दिवसांचा. डास चावल्यापासून रोगाची लक्षणे दिसू लागेपर्यंतच्या काळाला अधिशयनकाल म्हणतात. पीतज्वराचा अधिशयनकाल ३ ते ६ दिवसांचा असतो आणि विनियमांनी तो सहा दिवस धरला आहे. रोगाचा प्रदेश सोडून सहा दिवस झाले आणि तरीही प्रवासी निरोगी असला, तर तो रोग बरोबर घेऊन आलेला नाही असे मानण्यास हरकत नसते. म्हणून वैध प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला जास्तीत जास्त सहा दिवस अलग ठेवण्याची मुभा आहे. या मुदतीत प्रमाणपत्र वैध झाले, तर त्याची सुटका तत्पूर्वीच होते. दोन्ही तारखांपैकी जी आधी येईल ती लागू.

या व्यवस्थेमागचे कारण रोगाच्या संक्रमणचक्रात दडलेले आहे. रोग्याच्या रक्तात विषाणू असतो तो ताप येण्याच्या किंचित आधीपासून ताप आल्यानंतरच्या ३ ते ५ दिवसांपर्यंत. याच काळात डासाने त्याचे रक्त शोषले तर डास बाधित होतो; आणि असा डासही सुमारे ९ ते १२ दिवसांनंतरच दुसऱ्याला रोग देण्यास समर्थ होतो. याचा अर्थ असा की, आगंतुक प्रवाशाला जाळीबंद जागेत सहा दिवस डासांपासून दूर ठेवले, तर साखळीचा पहिलाच दुवा तुटतो. ज्याच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत त्याच्या रक्तात विषाणू वाढूच शकत नाही; म्हणून वैध प्रमाणपत्र असलेल्याला अलग ठेवण्याचे कारण उरत नाही. प्रमाणपत्र जितके प्रवाशाच्या रक्षणासाठी आहे, तितकेच ते तो ज्या देशात पाऊल टाकतो त्या देशाच्या रक्षणासाठी आहे.

भारताच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. येथे ईडिस इजिप्ती डास सर्वत्र आहे. डेंगीचा प्रसार तोच करतो. लोकसंख्या दाट आहे आणि पीतज्वराविरुद्ध प्रतिकारशक्ती असलेले लोक जवळजवळ नाहीत. रोगाला लागणारी सर्व सामग्री सिद्ध आहे. उणीव आहे ती फक्त विषाणूची. म्हणून भारताने या बाबतीत प्रथमपासून कडक धोरण ठेवले असून १९५४ च्या विमानविषयक व १९५५ च्या बंदरविषयक आरोग्य नियमांनी त्याला कायद्याचे रूप दिले.

ही भीती केवळ पुस्तकी नाही, हे २०१६ साली दिसून आले. डिसेंबर २०१५ मध्ये अंगोलाची राजधानी लुआंडा येथे पीतज्वराची मोठी साथ उद्भवली. त्या वेळी अंगोलात चिनी कामगार मोठ्या संख्येने काम करीत होते. मार्च २०१६ पासून अंगोलाहून चीनमध्ये परतलेल्या ११ जणांना पीतज्वर झाल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. आशिया खंडात या रोगाचे निदान निश्चित होण्याची ती पहिलीच वेळ. सुदैवाने चीनमध्ये त्याचा स्थानिक फैलाव झाला नाही. परंतु उष्ण देशात कामासाठी पाठविलेला, लस न घेतलेला कर्मचारी हाच विषाणूला दोन खंडांमधील पूल ठरू शकतो, ही गोष्ट या घटनेने निर्विवाद सिद्ध केली.

जाण्याचा हिशेब : एक उदाहरण

हा हिशेब प्रत्यक्षात कसा करावा लागतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. नाशिक येथील एका कारखान्यातील यंत्रज्ञाची अक्रा येथे दोन वर्षांसाठी नेमणूक झाली आहे. नेमणुकीचा आदेश १० मार्चला मिळाला. १८ एप्रिलला मुंबईहून निघून, आदिस अबाबा येथे विमान बदलून, १९ एप्रिलला अक्रा येथे पोहोचावयाचे आहे.

घाना हा देश नऊ महिन्यांवरील प्रत्येक आगंतुकाकडून, तो कोठूनही येवो, पीतज्वराचे प्रमाणपत्र मागतो. तेव्हा लस अनिवार्य आहे. आता मागे मोजत जावे. प्रमाणपत्र अक्रा येथे १९ एप्रिलला तपासले जाईल, हे खरे. परंतु त्याआधी विमान कंपनी ते मुंबईसच पाहते, आणि अवैध कागद घेऊन आलेल्या प्रवाशाला बहुधा विमानात घेत नाही. म्हणून वैधतेचा प्रारंभ निघण्याच्या दिवशी किंवा त्यापूर्वी असावयास हवा. १८ एप्रिलमधून दहा वजा केले असता ८ एप्रिल ही तारीख येते. कायद्याच्या दृष्टीने लस घेण्याचा हा शेवटचा दिवस.

परंतु शेवटचा दिवस हा योग्य दिवस नव्हे. दहाव्या दिवशी शेकडा ८० ते १०० लोकांत संरक्षण निर्माण झालेले असते; शेकडा ९९ हून अधिक लोकांत ते निर्माण होण्यास ३० दिवस लागतात. ८ एप्रिलला लस घेणारा प्रवासी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतो, पण अक्रा येथे उतरल्यावरचे त्याचे पहिले काही आठवडे पूर्ण संरक्षणाचे असतीलच असे नाही. १९ एप्रिलमधून ३० दिवस मागे गेल्यास २० मार्च ही तारीख मिळते. म्हणजे या यंत्रज्ञाने १० ते २० मार्च या दरम्यान लस घेणे उत्तम. २० मार्च ते ८ एप्रिल हा काळ कायदेशीर पण कमी भरवशाचा. आणि ८ एप्रिलनंतर तिकीट पुढे ढकलण्यावाचून गत्यंतर नाही.

या हिशेबात दोन गोष्टी व्यत्यय आणतात. पहिली गोष्ट केंद्राची. पीतज्वराची लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ती केंद्र सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच टोचली जाते. मुंबईतील विमानतळ व बंदर यांच्या आरोग्य संघटना आणि गोव्यात मुरगाव बंदराचे आरोग्य कार्यालय ही अशी केंद्रे होत. मुरगावचे केंद्र बोटींवर काम करणाऱ्या गोव्याच्या व कोकणच्या खलाशांच्या परिचयाचे आहे. लस गोठवून शुष्क केलेल्या चूर्णाच्या रूपात, २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेली असते. एका कुपीत पुष्कळदा अनेक मात्रा असतात, आणि चूर्णात द्रव मिसळल्यानंतर ती कुपी काही तासांतच वापरून संपवावी लागते. उरलेली लस टाकून द्यावी लागते. म्हणून केंद्रे ठरावीक दिवशी, आगाऊ नोंदणी केलेल्यांनाच एकत्र बोलावून लस देतात. लशीचा तुटवडाही अधूनमधून पडतो. ८ एप्रिल या तारखेच्या भरवशावर राहणाऱ्याला ६ एप्रिलला नोंदणी पूर्ण झाल्याचे कळले, तर त्याच्या हाती काही उरत नाही.

दुसरी गोष्ट अन्य लशींची. समजा, कारखान्याच्या वैद्यकीय तपासणीत या यंत्रज्ञाला गोवर, गालगुंड व रुबेला यांची संयुक्त लस घेण्यास सांगितले आणि त्याने ती १६ मार्चला नाशिक येथेच घेतली. ही लसदेखील जिवंत विषाणूंची आहे. एका जिवंत लशीने शरीराची जी प्रतिक्रिया जागृत होते, ती पाठोपाठ दिलेल्या दुसऱ्या जिवंत लशीच्या विषाणूची वाढ रोखते आणि दुसरीचा परिणाम उणावतो. म्हणून अशा दोन लशी एकाच दिवशी, निरनिराळ्या जागी टोचाव्यात, नाहीतर त्यांच्यात चार आठवड्यांचे अंतर ठेवावे असा दंडक आहे. १६ मार्चनंतरचे चार आठवडे १३ एप्रिलला पुरे होतात. त्या दिवशी पीतज्वराची लस घेतली, तर प्रमाणपत्र २३ एप्रिलला वैध होईल, म्हणजे प्रयाणाच्या दिवसानंतर पाच दिवसांनी. एका निरुपद्रवी टोचणीमुळे सारा प्रवास लांबणीवर पडतो. हाच क्रम उलटा ठेवला असता, म्हणजे १६ मार्चला मुंबईत पीतज्वराची लस घेतली असती, तर प्रमाणपत्र २६ मार्चलाच वैध झाले असते. यकृतदाह-अ, विषमज्वर व धनुर्वात यांच्या टोचून द्यावयाच्या नेहमीच्या लशी मृत जंतूंच्या अथवा त्यांच्या अंशांच्या असतात, आणि त्यांच्या बाबतीत हे बंधन नाही. तेव्हा नियम असा सांगता येईल: आदेश हाती पडताच प्रथम पीतज्वराच्या लशीची तारीख निश्चित करावी आणि इतर जिवंत लशी तिच्या अनुरोधाने बसवाव्यात.

येथे कायदा व शरीर यांतील अंतर पुन्हा दृष्टीस पडते. दोन जिवंत लशींत केवळ आठवड्याचे अंतर होते, ही गोष्ट प्रमाणपत्रावर कोठेही लिहिलेली नसते; अक्रा येथील अधिकारी ती जाणू शकत नाही. कागद वैध आणि संरक्षण अपुरे अशी स्थिती त्यामुळे उद्भवू शकते. तिचा धोका अधिकाऱ्याला नसून प्रवाशाला असतो. म्हणून मागील महिन्यात घेतलेल्या लशींची माहिती केंद्रावरील वैद्याला आपण होऊन देणे आवश्यक आहे.

येण्याचा हिशेब

जाताना प्रमाणपत्र लागत नाही म्हणून ते मुळीच लागत नाही, असा समज करून घेणे ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक होय. केनियाचे उदाहरण घ्यावे. केनिया हा देश रोगप्रदेशातून येणाऱ्या प्रवाशांकडून प्रमाणपत्र मागतो. भारत हा रोगप्रदेश नसल्यामुळे मुंबईहून सरळ नैरोबीस जाणाऱ्या कर्मचाऱ्याकडे तेथे ते मागितले जात नाही. परंतु केनिया स्वतः रोगप्रदेशांत मोडतो. आणि तेथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या प्रवाशाजवळ वैध प्रमाणपत्र नसेल, तर भारतीय आरोग्य अधिकारी त्याला अलग ठेवतात. जाताना उघडे असलेले दार येताना बंद होते ते असे.

समजा, असा एक कर्मचारी लस न घेता नैरोबीस गेला आणि तेथे ही गोष्ट कळल्यावर त्याने १ जूनला लस घेतली. ४ जूनला निघून तो ५ जूनला मुंबईस उतरला. त्याचे प्रमाणपत्र ११ जूनला वैध होणार; रोगप्रदेश सोडल्यापासूनचे सहा दिवस १० जूनला संपणार. १० जून आधी येते, म्हणून त्याची सुटका १० जूनला होईल. त्याच्या लशीचा या प्रसंगी त्याला काडीमात्र उपयोग झाला नाही. तीच लस त्याने २९ मे रोजी घेतली असती, तर ८ जूनला प्रमाणपत्र वैध होऊन दोन दिवस वाचले असते. आणि २५ मे रोजी घेतली असती, तर ४ जूनला निघतानाच ते वैध असल्यामुळे एक दिवसही अडकावे लागले नसते. कुटुंबातील कार्यासाठी किंवा आजाराच्या वार्तेने घाईघाईने परतणाऱ्या माणसाला सहा दिवसांचे हे मोल पुरेपूर कळते.

वाटेतील थांब्यांचाही येथे विचार करावा लागतो. कर्मचाऱ्याचे गंतव्यस्थान रोगप्रदेशात नसले, तरी त्याचे विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे परतत असेल, तर मार्ग रोगप्रदेशातून जातो. विमानतळाच्या आवाराबाहेर मुळीच न पडलेल्या प्रवाशाला भारतीय नियमांत सवलत आहे. पण ती आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटण्यावर अवलंबून असते. विमान चुकून रात्रीचा मुक्काम गावातील उपाहारगृहात करावा लागला, तर ही सवलत संपुष्टात येते. म्हणून नेमणुकीच्या देशाचा नियम पाहणे पुरेसे नाही. जाण्याचा व येण्याचा संपूर्ण मार्ग नकाशावर ठेवून प्रत्येक थांब्याचा नियम पाहावयास हवा. देशांच्या याद्या वेळोवेळी बदलतात. त्या प्रत्येक प्रवासापूर्वी नव्याने तपासाव्या लागतात.

कागदाची शुद्धता

वेळेचा हिशेब बिनचूक असूनही कागदातील दोषामुळे प्रमाणपत्र नाकारले जाऊ शकते. सहाव्या परिशिष्टानुसार प्रमाणपत्र इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेत पूर्ण भरलेले असावे लागते. त्यावर प्रवाशाचे नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व व स्वाक्षरी, लशीचे नाव व टोचल्याची तारीख, लस बनविणाऱ्या संस्थेचे नाव व लशीचा बॅच क्रमांक, वैधतेची मुदत, आणि देखरेख करणाऱ्या वैद्याची स्वहस्ते केलेली स्वाक्षरी व केंद्राचा शिक्का, एवढ्या गोष्टी हव्यात. शिक्का स्वाक्षरीची जागा घेऊ शकत नाही. खाडाखोड, दुरुस्ती किंवा कोणताही रकाना मोकळा राहणे, यांमुळे प्रमाणपत्र अवैध ठरू शकते. हे सारे केंद्राबाहेर पडण्यापूर्वी पारपत्राशी ताडून पाहावयाचे असते. कारण चूक तेथे दोन मिनिटांत नव्या कागदाने सुधारता येते, परक्या विमानतळावर ती सुधारण्याचा मार्ग नसतो.

मुदतीच्या रकान्याबाबत एक खुलासा आवश्यक आहे. पूर्वी या प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची असे. एकच मात्रा आयुष्यभर संरक्षण देण्यास पुरेशी आहे असे आढळून आल्यावरून विनियमांत दुरुस्ती झाली, आणि ११ जुलै २०१६ पासून प्रत्येक वैध प्रमाणपत्र, जुने असो वा नवे, धारकाच्या हयातीपर्यंत वैध ठरले. २००९ साली लस घेतलेल्या कर्मचाऱ्याच्या पुस्तिकेत मुदत २०१९ साली संपते असे छापलेले असले, तरी ते प्रमाणपत्र आजही चालते. केवळ ते जुने आहे म्हणून पुन्हा लस मागण्याचा अधिकार कोणत्याही देशाला नाही. मात्र जुनी तारीख खोडून तेथे नवी लिहिण्याचा मोह आवरला पाहिजे. कारण वैध कागद अवैध करण्याचा तो हमखास मार्ग होय. पुस्तिका हरवल्यास ज्या केंद्रात लस घेतली तेथील नोंदीवरून दुसरी प्रत मागावी. नोंद न सापडल्यास लस पुन्हा घेऊन दहा दिवसांची गणना नव्याने सुरू करावी लागते.

मात्रेच्या बाबतीतही एक सूक्ष्म भेद आहे. २०१६ च्या साथीत लशीचा साठा अपुरा पडल्याने किन्शासा येथे पूर्ण मात्रेचा पाचवा हिस्सा देऊन मोठी मोहीम राबविण्यात आली. साथ रोखण्यास असा अंश पुरेसा ठरतो. परंतु आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी तो ग्राह्य धरला जात नाही. त्यासाठी पूर्ण मात्राच घ्यावी लागते.

ज्यांना लस देता येत नाही

लस जिवंत विषाणूची असल्याने ती सर्वांना देता येत नाही. तिचा विषाणू कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यांत वाढवितात. म्हणून अंड्याने तीव्र प्रतिक्रिया होणाऱ्यांना ती वर्ज्य आहे. यौवनलोपी ग्रंथीचे, म्हणजे थायमसचे, विकार असलेल्यांना आणि रोगामुळे किंवा औषधांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे अशांनाही ती देत नाहीत. गर्भवती व स्तनदा स्त्रियांच्या बाबतीत रोगाचा धोका व लशीचा धोका यांची तुलना करून निर्णय घ्यावा लागतो. साठ वर्षांवरील व्यक्तीला प्रथमच लस देताना असाच विचार आवश्यक असतो. कारण लशीच्या विषाणूमुळे यकृतादी इंद्रियांना किंवा मज्जासंस्थेला होणारी गंभीर इजा एरवी अत्यंत विरळ असली, तरी या वयात तिचे प्रमाण वाढते. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून आफ्रिकेत पाठविल्या जाणाऱ्या अभियंत्यांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास उद्भवतो.

अशा व्यक्तीला वैद्याने इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेत कारणे नमूद करून सूट देणारे पत्र द्यावे, आणि ज्या देशात ती व्यक्ती उतरणार तेथील अधिकाऱ्यांनी ते विचारात घ्यावे, असे विनियम सांगतात. परंतु विचारात घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. हे पत्र लशीचे काम करीत नाही. ते जवळ असूनही प्रवाशाला अलग ठेवले जाऊ शकते, आणि रोगापासून तर त्याला कोणतेच संरक्षण नसते. त्यामुळे ज्याला लस देता येत नाही त्याला रोगप्रदेशात पाठवावे काय, हा प्रश्न नेमणूक करणाऱ्यानेच आदेश काढण्यापूर्वी विचारावयास हवा.

निष्कर्ष

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, प्रमाणपत्राचा हिशेब लस घेण्याच्या दिवसापासून पुढे करावयाचा नसून प्रवासाच्या दिवसापासून मागे करावयाचा असतो. निघण्यापूर्वीचा दहावा दिवस ही कायद्याने घातलेली मर्यादा. पोहोचण्यापूर्वीचा तिसावा दिवस ही शरीराने घातलेली मर्यादा. या दोहोंपैकी दुसरी पाळली की पहिली आपोआप पाळली जाते. पहिलीच्या काठावर राहणाऱ्याला मात्र केंद्रातील रांग, आधी घेतलेली दुसरी लस किंवा एखादा मोकळा राहिलेला रकाना यांपैकी काहीही अडवू शकते. कर्मचाऱ्याला परदेशी पाठविणाऱ्या संस्थेने नेमणुकीचा आदेश आणि प्रयाण यांत निदान सहा आठवड्यांचे अंतर ठेवले, तर तीस दिवसांचा अवधी, केंद्राची नोंदणी व इतर लशींचा क्रम या तिन्ही गोष्टी त्यात सुखाने बसतात.